प्रश्न कॉपी न करता इंट्रो आणि कन्क्लुजन: आधी आईला सांग, मग पेपरात लिही

प्रश्न: टीचर, मी वाळपईची, नर्सिंग झालंय, युकेसाठी इंग्रजीची आयईएलटीएस परीक्षा देतेय. रायटिंगला साडेसहा पाहिजेत आणि दोन्ही वेळा सहावरच अडकले. पहिल्यांदा इंट्रोत प्रश्नच उतरवून काढला होता. दुसऱ्यांदा सगळे शब्द बदलले, सिनोनिमची यादी पाठ करून गेले होते, तरी तेच. कन्क्लुजनला तर काय लिहायचं सुचतच नाही, परत इंट्रोच लिहिते. प्रश्न न उतरवता तोच प्रश्न सांगायचा म्हणजे नक्की करायचं काय?

उत्तर:

तुझी दुसऱ्यांदाची चूक पहिलीपेक्षा जास्त महागात पडली असणार, हे आधीच सांगून टाकते. म्हापशाला माझ्याकडे येणाऱ्या पोरांपैकी निम्मी तरी याच रस्त्यानं येतात, आधी उतरवतात, मग कोणीतरी सांगतं उतरवू नको शब्द बदल, मग शब्द बदलतात आणि वाक्य वाचवत नाही असं होऊन बसतं. एकच प्रश्न घेऊन शेवटपर्यंत करून दाखवते, म्हणजे नुसतं तत्त्वज्ञान होणार नाही. इंग्रजी वाक्यंपण देवनागरीतच लिहितेय, मोठ्यानं वाच, कानाला खटकतं ते डोळ्यांना खटकत नाही कधीकधी.

हा प्रश्न मी वर्गासाठी स्वतः बनवलाय, आपल्या गोव्याच्या किनाऱ्यावर जे चाललंय ते बघून:

«इन मेनी टूरिस्ट एरियाज, लोकल पीपल आर फाइंडिंग इट हार्ड टू अफोर्ड अ होम. सम पीपल थिंक दॅट गव्हर्नमेंट्स शुड लिमिट द नंबर ऑफ हाउसेस दॅट कॅन बी रेंटेड आउट टू टूरिस्ट्स. टू व्हॉट एक्स्टेंट डू यू अग्री ऑर डिसअग्री?»

शेवटचं «टू व्हॉट एक्स्टेंट» सोडलं तर हे ३२ शब्द होतात. टास्क टूला, म्हणजे रायटिंगमधल्या निबंधाला, कमीत कमी २५० शब्द लागतात हे तुला माहीतच आहे. आता समज तू २६२ शब्द लिहिलेस आणि त्यातले हे ३२ प्रश्नातूनच जसेच्या तसे आलेत, तर तुझं स्वतःचं लिखाण २३० च राहिलं. उतरवलेल्या शब्दांना परीक्षक तुझी भाषा म्हणून धरत नाही, धरणार तरी कसा, ते पेपर काढणाऱ्याचे शब्द आहेत. म्हणजे तुला वाटतं निबंध पुरा झाला आणि तो झालेला नसतो.

आता दुसरी चूक. हाच प्रश्न मी वर्गात दिला तेव्हा एका पोरीनं, अगदी तुझ्यासारखीच यादी पाठ केलेली, असं लिहून आणलं:

«इन न्यूमरस ट्रॅव्हलर झोन्स, नेटिव्ह ह्यूमन्स आर डिस्कव्हरिंग इट टफ टू पर्चेस अ रेसिडेन्स. सर्टन फोक्स पाँडर दॅट अॅडमिनिस्ट्रेशन्स ऑट टू रिस्ट्रिक्ट द क्वांटिटी ऑफ हाउसेस...»

तिनं जवळजवळ एकही शब्द सोडला नाही बिचारीनं. पण बघ काय झालं. «नेटिव्ह ह्यूमन्स» म्हटल्यावर जंगलातल्या माणसांवरची डॉक्युमेंटरी वाटते. «ट्रॅव्हलर» म्हणजे टूरिस्ट नव्हे, रोज कदंबाच्या बसनं म्हापसा-पणजी करणारा क्लार्कपण ट्रॅव्हलरच. «पाँडर» म्हणजे बसून विचार करणं, त्याच्यापुढे «दॅट» लावून मत सांगता येत नाही, म्हणजे तिथं ग्रामर गेलं. घरं मोजता येतात म्हणून «नंबर» पाहिजे, «क्वांटिटी» तांदळाची नाहीतर पाण्याची. आणि सगळ्यात वाईट म्हणजे «पर्चेस». प्रश्नात «अफोर्ड» आहे, त्यात भाड्याचं घर परवडणंपण आलं, हिनं ते नुसतं विकत घेण्यावर आणून ठेवलं. प्रश्नच बदलला! आणि इतकं सगळं करून वाक्याचा सांगाडा मात्र जागच्या जागी, पहिला शब्द «इन», मग जागा, मग माणसं, मग अडचण. मूळ प्रश्न शेजारी ठेवून वाचलं तर कोणालाही कळतं की शब्दाच्या जागी शब्द ठेवत गेलीय. कॉपीच ती, फक्त वेषांतर करून.

म्हणून मी पोरांना सांगते, शब्द बदलायला बसूच नका. वाक्य बदला, शब्द आपसूक बदलतात.

ते कसं, तर आपल्याला मराठी येतं याचा इथं मोठा फायदा आहे, आणि हे इंग्रजी मीडियमवाल्यांना मिळत नाही म्हणून मी मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे चौथीपर्यंत मराठीत शिकून पाचवीत एकदम इंग्रजीत गेलेली पोरं उगाचच बिचकून असतात. प्रश्न दोनदा नीट वाच, मग खरोखर कागद पालथा घाल, आणि घरी आईला सांगतेस तसं मनात मराठीत सांग की बाबा विषय काय आहे. तू साधारण असं सांगशील: «टूरिस्टांच्या बऱ्याच गावांत आता तिथल्याच माणसांना घर परवडत नाही. काहीजण म्हणतात की टूरिस्टांना भाड्यानं द्यायच्या घरांवर सरकारनं मर्यादा घालावी.»

आता गंमत बघ. इंग्रजीत अफोर्डचा कर्ता माणूस असतो, माणूस अफोर्ड करतो किंवा करू शकत नाही. मराठीत आपण काय म्हणतो? घर परवडत नाही. कर्ता घर! तू मराठीतून गेलीस आणि वाक्याचा कर्ता आपोआप बदलला, काहीही न करता. आता इंग्रजीत लिहिताना सुरुवात माणसांपासून नाही, घरांपासून होणार: «हाउसिंग इज टू एक्स्पेन्सिव्ह फॉर द पीपल हू लिव्ह देअर.» एकदा कर्ता बदलला की «फाइंडिंग इट हार्ड टू अफोर्ड» हे अख्खं शेपूट त्या वाक्यात बसतच नाही, ते गळूनच पडतं, तुला सिनोनिम शोधावा लागत नाही.

पण इथंच एक खड्डा आहे. मराठीतून सरळ शब्द उचललेस तर «हाउस इज नॉट अफोर्डिंग टू लोकल पीपल» असं होतं, हे मी दर बॅचला एकदा तरी वाचते. घर अफोर्ड करत नाही, घर अफोर्डेबल असतं किंवा नसतं, नाहीतर सरळ «टू एक्स्पेन्सिव्ह» म्हण, साधं आणि बरोबर. मराठीतून अर्थ आणि क्रम आणायचा, क्रियापद इंग्रजीचंच वापरायचं.

दुसरं वाक्य घे. «सम पीपल थिंक दॅट गव्हर्नमेंट्स शुड» यातली «सम पीपल थिंक» ही सुरुवात शंभर प्रश्नांत असते, म्हणून तिला «सर्टन इंडिव्हिज्युअल्स बिलीव्ह» करण्यात काही अर्थ नाही, ते सगळ्यांनी केलंय. त्यापेक्षा कोणाला वाटतं हे बाजूला ठेव आणि काय सुचवलंय ते पुढे आण. कोणीतरी एक उपाय सुचवलाय, बरोबर? मग «वन प्रपोज्ड सोल्युशन इज...» सूचना आहे म्हटल्यावर ती कोणीतरी केलीय हे त्यातच आलं, म्हणजे «सम पीपल» गेलं नाही, लपलं. आणि «लिमिट द नंबर» च्या जागी «कॅप द नंबर», इथं फक्त क्रियापद बदललं, «नंबर» तसाच ठेवला, काही बिघडत नाही.

तर पुरी इंट्रो अशी झाली:

«हाउसिंग इन पॉप्युलर हॉलिडे डेस्टिनेशन्स इज ऑफन टू एक्स्पेन्सिव्ह फॉर द पीपल हू लिव्ह देअर. वन प्रपोज्ड सोल्युशन इज फॉर ऑथॉरिटीज टू कॅप द नंबर ऑफ होम्स लेट टू व्हिजिटर्स. आय लार्जली अग्री विथ धिस, ऑल्दो आय बिलीव्ह दॅट फॅमिलीज रेंटिंग आउट अ सिंगल रूम शुड बी एग्झेम्प्ट.»

४८ शब्द. यातलं «लेट» म्हणजे भाड्यानं दिलेली, उशीर नव्हे. यापेक्षा लांब इंट्रो लिहायची गरज नाही, चाळीस ते पन्नास पुष्कळ झाले, खरे मार्क आतल्या परिच्छेदांत आहेत. तीन वाक्यं, तीन कामं: परिस्थिती काय, सुचवलंय काय, आणि मी कुठे उभी आहे. तिसरं वाक्य तर तुझंच आहे, त्यात प्रश्नातलं उचलायला काहीच नाही, म्हणून ते जितकं नेमकं तितकी इंट्रो तुझी वाटते. «आय अग्री टू सम एक्स्टेंट» एवढंच लिहून सोडू नको, किती अग्री आणि कुठे नाही ते तिथंच सांग.

आता ही इंट्रो मूळ प्रश्नाशी ताडून बघ, कारण ही पायरी लोक सोडतात. प्रश्नात «मेनी» होतं, म्हणजे पुष्कळ ठिकाणी, सगळीकडे नव्हे. माझ्या वाक्यात «मेनी» नाही, पण «ऑफन» आहे, त्यानं ते सांभाळलं. ते पण नसतं तर वाक्य म्हणालं असतं की सगळ्याच टूरिस्ट गावांत असं आहे, आणि हे प्रश्न म्हणत नाही. «लिमिट» चं «कॅप» झालं, बरोबर, पण «बॅन» झालं असतं तर चूक, आणि ही चूक खूप होते कारण लिहिता लिहिता आपल्याला चेव येतो. «आर फाइंडिंग» मध्ये हळूहळू असं होत चाललंय अशी बारीक छटा होती, ती माझ्या वाक्यात थोडी पुसली गेली, ते चालतं, त्यानं प्रश्न बदलत नाही.

आणखी एक बारीक चूक, चांगल्या पोरांकडूनच होणारी. मराठीत सांगताना तू कदाचित म्हणशील, «सगळी घरं टूरिस्टांना भाड्यानं जातात त्यामुळे गावच्या माणसाला मिळत नाहीत.» मोरजी-मांद्र्याकडे बघून आपल्याला हे इतकं उघड वाटतं की बोलून जातो. पण प्रश्नात «त्यामुळे» कुठे आहे? नाहीये. दोन वाक्यं शेजारी ठेवलीत, ज्यांना मर्यादा पाहिजे त्यांच्या मनात ते कारण असणार, पण प्रश्नानं ते सत्य म्हणून सांगितलेलं नाही. कदाचित जमिनीचे भाव, कदाचित बाहेरच्यांनी घेतलेले सेकंड होम, हे सगळं तुला आत वाद घालायला मोकळं आहे. इंट्रोच्या पहिल्या वाक्यात «बिकॉज ऑफ टूरिस्ट रेंटल्स» लिहिलंस तर वादाचा निकाल सुरुवातीलाच लावून टाकलास. म्हणून मराठीत सांगून झालं की «म्हणून», «त्यामुळे», «सगळे», «नेहमी» असे शब्द तुझे आहेत की प्रश्नाचे, एवढं बघायचं.

मग कुठले शब्द तसेच राहिले तरी चालतील? विषयाची नावं. टूरिस्ट, गव्हर्नमेंट, रेंट, हाउस, या शब्दांना धड पर्याय फारसे नाहीत आणि परीक्षकालाही ते माहीत आहे. टूरिस्टला «व्हिजिटर», गव्हर्नमेंटला «ऑथॉरिटीज» असे वरच्या इंट्रोत आले तेवढे जमतात, बाकी ओढाताण. माझा ढोबळ नियम असा की एकटा शब्द तोच आला तर सोडून द्यायचं, पण सलग चार शब्द प्रश्नातल्याच क्रमानं आले की तिथं बोट ठेवायचं आणि वाक्य मोडायचं. आणि नवीन शब्द तू आधी कधी वाक्यात वापरलेला नसेल तर परीक्षेत वापरू नको. चुकीच्या जागी बसलेला भारी शब्द परत आलेल्या साध्या शब्दापेक्षा जास्त नुकसान करतो.

पाठ केलेल्या सुरुवातींबद्दल फार बोलत नाही. «इन धिस मॉडर्न एरा», «इट इज अ हॉटली डिबेटेड टॉपिक», हे कुठल्याही प्रश्नावर चिकटतं, म्हणजे या प्रश्नाबद्दल त्यानं काहीच सांगितलं नाही. काढून टाक.

जमलं की नाही हे तपासायची माझ्याकडे एकच पद्धत आहे आणि ती फुकट आहे. तुझी इंट्रो अशा कोणाला तरी दे ज्यानं प्रश्न बघितलेला नाही, आणि विचार, «प्रश्न काय असेल सांग.» त्या «पर्चेस»वाल्या पोरीची इंट्रो मी शेजारच्या बाकावर दिली तर तिथली म्हणाली, «टीचर, लोकांनी घरं विकत घ्यायची की नाही, असा काहीतरी असणार.» झालं, आणखी काही समजावावं लागलं नाही. हॉस्टेलवर रूममेट असेल तर तिला कामाला लाव.

आता कन्क्लुजन. तू म्हणतेस परत इंट्रोच लिहिते, आणि मला वाटतं तुझा सहा तिथंपण अडकलाय, कारण प्रश्नाला उत्तर कसं दिलंय हे बघणाऱ्या टास्क रिस्पॉन्सच्या सहाच्या बँडच्या वर्णनातच आहे की निष्कर्ष अस्पष्ट किंवा तेच तेच सांगणारे असू शकतात. असं का होतं सांगू? कन्क्लुजन लिहायची वेळ आली की तू मान वर करून प्रश्नाकडे बघतेस. प्रश्नाकडे बघितलंस की प्रश्नच परत लिहिणार, तिसऱ्यांदा, आणि एव्हाना सिनोनिमपण संपलेले असतात.

कन्क्लुजनसाठी प्रश्नाकडे बघायचंच नाही. स्वतःच्या आतल्या परिच्छेदांच्या पहिल्या ओळी बघायच्या. समज आपण दोन परिच्छेद लिहिले. पहिल्यात असं की घरं टूरिस्टांकडून परत मोकळी झाली तर हॉटेलात, दुकानात, हॉस्पिटलात काम करणाऱ्या माणसांना कामाच्या जवळ राहता येईल. दुसऱ्यात असं की स्वतःच्या घरातली एक खोली भाड्यानं देणारी बाई कोणाचं घर हिरावून घेत नाही, तिला यात ओढू नये. आता या दोन ओळी एकत्र बांध:

«इन कन्क्लुजन, आय सपोर्ट अ सीलिंग ऑन हॉलिडे लेट्स बिकॉज इट वुड रिटर्न ऑर्डिनरी होम्स टू द पीपल हू वर्क इन दीज टाउन्स. स्मॉल फॅमिली होस्ट्स, हाउएव्हर, टेक नो हाउस अवे फ्रॉम एनिवन अँड शुड बी लेफ्ट अलोन.»

३८ शब्द. इंट्रोत आणि यात फरक काय ते बघ. इंट्रोत मी फक्त म्हटलं की बहुतांशी पटतं, का पटतं ते म्हटलं नव्हतं. इथं «बिकॉज» आला. इंट्रोत एका खोलीवाल्यांना सोडा म्हटलं, इथं का सोडा ते आलं. हे दोन «का» मधल्या परिच्छेदांतून आलेत, म्हणून मधला मजकूर नसता तर हे कन्क्लुजन लिहिताच आलं नसतं. हीच तपासणी तुझ्या जुन्या निबंधांवर कर: मधले परिच्छेद हातानं झाक आणि विचार, हे कन्क्लुजन नुसती इंट्रो वाचून लिहिता आलं असतं का? आलं असतं तर ते परत लिहायचं.

दोन गोष्टींवर मात्र लक्ष. मताचा जोर तोच राहिला पाहिजे. इंट्रोत «लार्जली अग्री» आणि शेवटी «आय कम्प्लीटली अग्री» असं झालं तर वाचणाऱ्याला कळत नाही तू कुठे आहेस. हे मुद्दाम कोणी करत नाही, ४० मिनिटांच्या शेवटी दमल्यावर होतं. आणि नवीन मुद्दा आणायचा नाही. «सरकारनं स्वस्त घरंपण बांधावीत» हे शेवटच्या ओळीत एकदम सुचतं आणि छान वाटतं, पण त्याच्यामागे एक ओळही युक्तिवाद नाही, ते तिथं लटकत राहतं. सुचलंच तर पुढच्या वेळी प्लॅनमध्ये घे.

सरावासाठी पुरे निबंध लिहू नको रोज, ड्युटी करून वेळ कुठून आणणार. रोज एक प्रश्न घे, चार मिनिटांत इंट्रो लिही, मग आतल्या दोन परिच्छेदांच्या फक्त पहिल्या ओळी, मग तीन मिनिटांत कन्क्लुजन. पंधरा मिनिटांच्या आत होतं. दुसऱ्या दिवशी प्रश्न न बघता तुझ्याच इंट्रोवरून प्रश्न मराठीत लिहून काढ आणि मग मूळ प्रश्न उघड. पहिल्या आठवड्यात कुठेतरी «सगळे» नाहीतर «त्यामुळे» घुसलेला सापडेलच, माझ्या पोरांचा सापडतो.

आणि परीक्षेत घड्याळ संपत आलं, दोनच मिनिटं राहिली, तर कन्क्लुजन सोडू नको, एकच वाक्य लिही पण «बिकॉज»सकट: «इन शॉर्ट, आय सपोर्ट द लिमिट बिकॉज वर्कर्स नीड दीज होम्स मोर दॅन व्हिजिटर्स डू.» प्रश्न परत उतरवायला लागला असता त्याच्यापेक्षा कमी वेळात हे होतं.